लॉटरी, विमा आणि बरोबरीची पैज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या यंत्रमाग कारखानदारांचे जमाखर्च मी लिहितो. वर्षातून दोनदा ठरावीक प्रश्न येतात. दिवाळीच्या तोंडावर बंपर तिकिटाचे, आणि मार्चमध्ये, विम्याचा हप्ता भरायची वेळ आली की, "हे पैसे वाचवता येतील का" याचे. वरवर दोन वेगळे विषय, पण खालचं गणित एकच आहे, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. सरकारी दर आणि नियम सोडले तर उदाहरणांतले आकडे हिशोबापुरते धरलेले आहेत.

१. अपेक्षित मूल्य, अपेक्षित मूल्य म्हणतात ते नेमकं काय?

जे जे होऊ शकतं, त्यातली रक्कम गुणिले ती मिळण्याची शक्यता, आणि मग सगळ्यांची बेरीज. नाणं उडवून छापा पडला तर १०० रुपये आणि काटा पडला तर काही नाही, तर या खेळाचं अपेक्षित मूल्य ५० रुपये. एका वेळी ५० रुपये कधीच मिळत नाहीत. हा खेळ हजारदा खेळला तर दर खेळामागे सरासरी किती पडेल, ते हा आकडा सांगतो. "हजारदा" हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी भानगड त्यातूनच निघते.

२. गड्ड्याच्या यात्रेत तीन फाशांचा खेळ असतो. सहा आकडे, तीन फासे, म्हणजे निम्मी संधी. मग तो बरोबरीचा नाही का?

दिसतो बरोबरीचा. तुम्ही एका आकड्यावर १० रुपये लावता. तो आकडा एका फाशावर आला तर वर १०, दोन फाशांवर आला तर वर २०, तिन्हींवर आला तर वर ३०. कुठेच आला नाही तर तुमचे १० गेले.

तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात. त्यांपैकी १२५ वेळा तुमचा आकडा कुठेच नसतो. ७५ वेळा तो एकदा येतो, १५ वेळा दोनदा आणि एकदाच तिन्हींवर. म्हणजे २१६ खेळांत तुम्ही १,२५० रुपये हरता आणि ७५० अधिक ३०० अधिक ३० असे १,०८० जिंकता. तूट १७० रुपये, दर खेळामागे साधारण ७९ पैसे. "निम्मी संधी" मनात येते ती १/६ तीनदा मिळवल्यामुळे. पण एकच आकडा दोन फाशांवर आला तरी खेळ एकच असतो, आणि आपण तो दोनदा मोजून बसतो.

हा झाला बरोबरीचा दिसणारा पण नसलेला खेळ. खरोखर बरोबरीचा असूनही खेळू नये असा खेळ वेगळा. तो प्रश्न ६ मध्ये.

३. लॉटरीचं १०० रुपयांचं तिकीट खरं किती रुपयांचं असतं?

तिकिटाच्या मागे बक्षिसांची यादी असते, तीच घेऊन बसायचं. समजा ५ लाख तिकिटं छापली. पहिलं बक्षीस १ कोटीचं, एकच. मग १ लाखाची ५, दहा हजारांची ५००, आणि शेवटचे दोन आकडे जुळले तर हजार रुपये, अशी ५,०००. एकेक बक्षिसाची एकूण रक्कम ५ लाखांनी भागा. पहिल्या बक्षिसाचे तिकिटामागे २० रुपये पडतात, लाखाच्या बक्षिसांचा १ रुपया, दहा हजारांचे १० आणि हजाराचे १०. एकूण ४१ रुपये.

अजून कर बाकी आहे. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर, वर ४ टक्के उपकर, आणि उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेलं की अधिभार. हरलेल्या तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. कोटीचं बक्षीस हातात येईपर्यंत साधारण साडेपासष्ट लाख उरतात. सगळ्या बक्षिसांना कर लावला तर ४१ चे २७–२८ रुपये होतात. लहान बक्षिसातून दुकानदार कर कापत नाही, म्हणून लोक तो धरत नाहीत. नियमाने तो लागतोच.

४. मग विमाही तोट्याचाच सौदा झाला ना? कंपनी नफ्यासाठीच बसली आहे.

अपेक्षित मूल्यापुरतं बोलायचं तर हो. विमा कंपनीने आपला खर्च आणि नफा हप्त्यात धरलेला असतो, त्यामुळे सरासरी हप्ता सरासरी भरपाईपेक्षा जास्तच असणार. लॉटरी आणि विमा दोन्हींत तुम्ही सरासरी हरता. तरीही एक घेणं शहाणपणाचं आणि दुसरं नाही, हे कशामुळे? सगळ्यांत जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न, म्हणून सविस्तर लिहितो.

एक कारखानदार धरा. आठ माग, शेड, बीमवर चढलेलं सूत आणि गाठोड्यात बांधलेले टॉवेल मिळून ८ लाखांचा माल. शेडबाहेर त्याच्याकडे फक्त २ लाख आहेत. एकूण पुंजी १० लाख. वर्षात आग लागून सगळं जाण्याची शक्यता शंभरात एक. म्हणजे अपेक्षित नुकसान ८,००० रुपये. विम्याचा हप्ता १२,०००. सरळ हिशोबात तो दरवर्षी ४,००० रुपये जास्त मोजतोय.

आता रक्कम बाजूला ठेवून प्रमाण बघा. पुंजी दुप्पट झाल्याने माणूस जितका वर जातो, तितकाच ती निम्मी झाल्याने खाली येतो, असं धरू. दहाचे वीस लाख होणं आणि दहाचे पाच होणं, ही दोन्ही पावलं सारख्याच लांबीची. १७३८ साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने मांडलेली ही कल्पना. गणितात तिच्यासाठी लॉगॅरिदम वापरतात. संगणकाच्या कोष्टकात एका ओळीत हिशोब होतो:

```
=EXP(0.99*LN(1000000)+0.01*LN(200000))
```

उत्तर येतं ९,८४,०३४. अर्थ असा की विम्याशिवायची त्याची आजची स्थिती, हातात खात्रीचे ९,८४,०३४ असण्याइतकीच आहे. आगीच्या टांगत्या तलवारीची किंमत त्याला १५,९६६ रुपये पडते. ती काढून टाकायला कंपनी १२,००० मागते. घ्यावा.

लॉटरीत हेच उलटं चालतं. तिथे नुकसान छोटं पण खात्रीचं आणि फायदा मोठा पण विरळा, आणि मोठा फायदा पुंजीच्या प्रमाणात मोजला की रुपयांत दिसतो तितका मोठा राहत नाही.

५. शेजारचा मोठा कारखानदार म्हणतो, विमा म्हणजे मूर्खपणा. तो चुकतोय का?

त्याच्यापुरता नसेलही. वरच्या सूत्रात त्याची १ कोटीची पुंजी घाला. नुकसान तेच ८ लाख, शक्यता तीच. त्याला त्या जोखमीची किंमत सुमारे ८,३३५ रुपये पडते. १२,००० चा हप्ता त्याला खरंच महाग आहे. पॉलिसी तीच, आग तीच, तरी दोघांची उत्तरं वेगळी, आणि दोघंही बरोबर. चूक होते ती लहान कारखानदाराने मोठ्याचा सल्ला जसाच्या तसा उचलला की.

सीमा कुठे आहे तेही काढता येतं. आपल्या उदाहरणात एकूण पुंजी साडेतेरा लाखांच्या जरा वर गेली की पारडं फिरतं. बर्नुलीने स्वतः असाच हिशोब केला होता. सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचा १०,००० रुबलचा माल ॲमस्टरडॅमहून जहाजाने येतोय, शंभरातली पाच जहाजं बुडतात आणि विमा ८०० रुबल मागतो. अपेक्षित नुकसान ५०० रुबल, म्हणजे हप्ता महागच. बर्नुलीचं उत्तर: मालाशिवाय त्याच्याकडे किमान ५,०४३ रुबल असतील तरच विमा टाळावा. आणि त्याच ८०० रुबलमध्ये विमा देणाऱ्याकडे किमान १४,२४३ रुबल हवेत, नाहीतर देणाराच मूर्ख. एकाच सौद्यात दोन्ही बाजू शहाण्या ठरतात, त्या या पुंजीच्या फरकामुळे.

मात्र त्या साडेतेरा लाखांच्या आकड्याला चिकटून बसू नका. डोक्यावर बँकेचं कर्ज असेल, किंवा माग बंद पडले की घरातली सगळी कमाई थांबत असेल, तर तुमची सीमा बरीच वर सरकते. माझ्याकडच्या बहुतेक वह्यांत या दोन्ही गोष्टी असतात.

६. भागीदार म्हणतो, "नाणं उडवू, जिंकलास तर ५ लाख तुझे, हरलास तर ५ लाख माझे." पूर्ण बरोबरीची पैज आहे. का खेळू नये?

अपेक्षित मूल्य शून्य, कोणी फसवत नाही, नाणं खरं. तरी तुमची पुंजी १० लाख असेल तर जिंकल्यावर १५ आणि हरल्यावर ५. प्रमाणाच्या हिशोबाने १५ आणि ५ चा गुणाकार ७५, त्याचं वर्गमूळ ८.६६. हातात १० लाख असताना तुम्ही ८.६६ लाखांची स्थिती विकत घेताय. न खेळताच सव्वा लाखाहून जास्त गेले म्हणा.

आता तो मन मोठं करून म्हणाला, "हरलास तर ५, पण जिंकलास तर ६ घे." अपेक्षित मूल्य ५० हजारांचा फायदा. पण १६ गुणिले ५ म्हणजे ८०, वर्गमूळ ८.९४. अजूनही नको. ५ लाख लावायचे तर समोरून पूर्ण १० लाख आले पाहिजेत, तेव्हा कुठे २० गुणिले ५ म्हणजे १००, आणि आपण होतो तिथेच.

हीच पैज ५०० रुपयांची असेल तर खुशाल लावा. १० लाखांच्या पुंजीला ५०० रुपयांनी ओरखडाही उठत नाही, आणि तिथे साधं अपेक्षित मूल्य पुरेसं असतं.

७. पण फायद्याची पैज पुन्हा पुन्हा लावली तर सरासरी आपल्या बाजूने येणारच ना?

दर वेळी ठरावीक छोटी रक्कम लावली तर हो. दर वेळी सगळी पुंजी लावली तर नाही, आणि इथे भलेभले फसतात.

छापा आला तर पुंजी दीडपट, काटा आला तर ४० टक्के कमी, अशी पैज घ्या. दर फेरीला सरासरी ५ टक्के फायदा दिसतो. १०,००० ने सुरुवात करून दोन फेऱ्या खेळा. चार शक्यता: २२,५००, ९,०००, ९,०००, ३,६००. सरासरी ११,०२५, म्हणजे फायदा. पण चारांतले तीन जण तोट्यात आहेत. सरासरी एका नशीबवानाने ओढून वर नेली. वीस फेऱ्यांत दहा छापे, दहा काटे, असा अगदी सरळ निकाल लागला तरी १०,००० चे उरतात ३,४८७. सरासरी हजार माणसांची असते. तुम्ही एकटे आहात, आणि तुमच्या फेऱ्या एकमेकींना गुणत जातात.

सूत स्वस्त दिसलं की सगळं खेळतं भांडवल एका खरेदीत घालायचं, हा याचाच भाऊ. मी असे दोन हिशोब बंद केलेत.

८. तिकिटं फार खपली नाहीत, आणि पहिलं बक्षीस खपलेल्या तिकिटांतूनच काढणार आहेत. मग तर घ्यावं ना?

चांगला प्रश्न, आणि तिकिटाच्या मागची ही ओळ फार थोडे वाचतात. सोडत सगळ्या छापलेल्या क्रमांकांतून होणार असेल तर कमी खप झाल्याचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. फक्त खपलेल्यांतून होणार असेल तर प्रश्न ३ मधला भागाकार ५ लाखांऐवजी खपलेल्या संख्येने करायचा.

समजा फक्त ५०,००० खपली. कर जाऊन पहिल्या बक्षिसाचे हातात येणारे ६५.६८ लाख भागिले ५०,०००, म्हणजे १३१ रुपये. तिकीट १०० चं! अपेक्षित मूल्य तुमच्या बाजूने. पण १० लाखांच्या पुंजीने प्रश्न ४ ची पद्धत लावा: जिंकलात तर १० चे सुमारे ७५.६८ लाख. त्या साडेसातपट उडीचा लॉगॅरिदम १० लाखांनी गुणून ५०,००० ने भागला की तिकिटाची तुमच्यापुरती किंमत निघते सुमारे ४० रुपये. लहान बक्षिसं मी इथे धरलेली नाहीत. ती त्यात वाढवून तुमचं तुम्ही ठरवा. मुद्दा असा की १३१ मधले ९१ रुपये कागदावरच आहेत. पन्नास हजार तिकिटं एकदम घेण्याइतकी पुंजी असलेल्यालाच ते हाताला लागतात.

९. महिन्याला एक तिकीट मजा म्हणून घेतो. तेही चूक?

नाही. प्रश्न ३ प्रमाणे ७२-७३ रुपये मजेचे झाले. नाटकाच्या तिकिटातून तरी कुठे पैसे परत येतात?

१०. माझा क्रमांक बरेच दिवस लागला नाही, आता लागेल ना? आणि "इथेच पहिलं बक्षीस लागलं" अशी पाटी असलेल्या दुकानातून घ्यावं का?

दोन्हींना नाही. सोडतीच्या यंत्राला मागचं काही आठवत नाही. पाटीवाल्या दुकानात गर्दी असते, तिकिटं जास्त खपतात, म्हणून बक्षिसंही जास्त लागतात. तुमच्या हातातल्या एका तिकिटाला त्याचा काही फायदा नाही.

११. हप्ता वाचवायला माल निम्म्याच किमतीचा दाखवला तर? नुकसान तरी कुठे सगळं होतं?

इथे माणसं खरोखर मार खातात. ८ लाखांच्या मालाचा विमा ४ लाखांचा उतरवला आणि आगीत ४ लाखांचं नुकसान झालं, तर "पूर्ण ४ मिळतील" असं वाटतं. पॉलिसीत सरासरीचं कलम असतं. तुम्ही निम्माच विमा उतरवला, म्हणून भरपाईही निम्मी: २ लाख. उरलेल्या निम्म्याचा विमा देणारे तुम्ही स्वतः धरले जाता. सर्व्हेअर येतो तेव्हा आधी वह्या आणि साठा बघतो, आणि जळालेला माल किती हे नंतर.

लहान उद्योगांसाठी २०२१ पासून जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे, तिच्यात १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ असते. सुताचा भाव चढला म्हणून साठ्याची किंमत थोडी वर गेली, तर तेवढ्याने मार बसत नाही. निम्मी किंमत दाखवली तर बसतो.

हप्ता कमीच करायचा असेल तर पहिले १०-२० हजार स्वतः सोसायची अट घ्या. लहान नुकसान खिशातून, मोठं कंपनीकडून. प्रश्न ४ आणि ६ नीट वाचले असतील तर असं का, हे सांगायला नको.

१२. आम्ही एकाच गल्लीतले पाच कारखानदार. दरवर्षी प्रत्येकी हप्त्याइतके पैसे जमा करून एकमेकांना सांभाळलं तर कंपनीचा नफा वाचेल. चालेल?

कल्पना जुनी आणि चांगली आहे, विमा जन्माला आला तोच असा. पण ती चालते ती एकाचं संकट दुसऱ्यावर येत नसेल तेव्हाच. तुमच्या शेडच्या भिंती लागून, पत्रे एकमेकांवर चढलेले आणि आत कापसाची उडती कीस. एका शेडमधलं शॉर्टसर्किट पाचही शेड नेईल. ज्या दिवशी फंडाची गरज पडेल, त्या दिवशी फंडातले पाचही जण मागणारे असतील. शिवाय पाच जणांचे ६० हजार जमा होणार, आणि एकट्याचंच नुकसान ८ लाखांचं.

१३. मिक्सर, मोबाईल, फ्रिज यांच्या वाढीव वॉरंटीचं काय?

नको. मी एकदा मिक्सरवर घेतली होती. बिघाड झाला तेव्हा पावती सापडेना. पावती सापडली असती तरी हिशोब तोच. अडीच हजारांच्या वस्तूने पुंजीचं प्रमाण हलत नाही, म्हणून इथे नुसतं अपेक्षित मूल्य बघायचं, आणि ते विकणाऱ्याच्या बाजूने असतं.

१४. बँक खात्यातून ४३६ आणि २० रुपये कापले जातात. ते बंद करू का?

४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. २० रुपयांचा हप्ता बरोबरीत यायला वर्षाला दहा हजारांत एक इतकी शक्यता लागते. ४३६ ला साधारण ४५९ मध्ये एक. ४३६ चा दर १८ ते ५० सगळ्यांना एकच आहे. त्यामुळे पंचविशीतल्या निरोगी मुलाला तो सरासरीपेक्षा महाग पडतो आणि अठ्ठेचाळिशीतल्या बापाला स्वस्त. घरात कमावणारा कोण, यावर ठरवा. ज्याच्या कमाईवर चूल पेटते त्याचा बंद करू नका.

१५. आमच्या भिशीत दर महिन्याला चिठ्ठी निघते. ती लॉटरीच ना?

नाही. वीस बायका महिन्याला हजार रुपये भरतात, वीस महिन्यांत प्रत्येकीला एकदा वीस हजार मिळतात. कुणी हरत नाही, चिठ्ठीने फक्त क्रम ठरतो. पहिली चिठ्ठी म्हणजे बिनव्याजी कर्ज, शेवटची म्हणजे बिनव्याजी ठेव. खरी जोखीम चिठ्ठीत नसते. रक्कम उचलून पुढचे हप्ते थांबवणारीत असते. बोली लावून उचलायची भिशी असेल तर ती कर्जाचा व्याजदर समजून तपासा.

१६. गावाकडे ज्वारी आणि डाळिंब आहे. पीक विम्यात तर सरकार हप्ता भरतं, म्हणजे अपेक्षित मूल्य आपल्याच बाजूने. मग डोळे झाकून घ्यायचा?

घ्यायचा, पण डोळे उघडे ठेवून. प्रधानमंत्री पीक विम्यात शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के. उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतात. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात तो एक रुपयात होता, २०२५ च्या खरिपापासून पुन्हा टक्केवारीवर आला. हिस्सा इतका कमी असल्यामुळे लॉटरी किंवा आगीच्या विम्यासारखा हा सरासरीने तोट्याचा सौदा राहत नाही.

अडचण दुसरीच आहे. भरपाई तुमच्या बांधावर ठरत नाही. ज्वारीला महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न बघतात, डाळिंबाला हवामान केंद्राने नोंदवलेला पाऊस आणि तापमान. मंडळात बरं पिकलं आणि तुमच्याच शिवारात ढगाने पाठ फिरवली, तर हप्ता भरूनही हात रिकामे. उलट मंडळ बुडालं आणि विहिरीमुळे तुमचं शेत वाचलं, तर पीकही घरी आणि भरपाईही खात्यात. अपेक्षित मूल्य दोन्हीकडे सारखं दिसेल. पण विम्याचा उपयोग पैसे नेमके वाईट वर्षात येण्यात आहे, आणि प्रश्न ४ मधला सगळा फायदा त्या एका गोष्टीवर उभा होता.

म्हणून आधी हे बघा की मागच्या दुष्काळी वर्षांत तुमचं शेत आणि मंडळ एकत्र बुडालं होतं का. सात-आठ वर्षांचं उत्पन्न आठवून मंडळाच्या आकड्यांशेजारी लिहा. दोन्ही एकत्र वर-खाली होत असतील तर विम्यावर भिस्त ठेवता येईल. होत नसतील तर विमा घ्या, पण बी-बियाण्याचे पैसे वेगळे बांधून ठेवा, कारण तुमच्या वाईट वर्षात तो येईलच असं नाही.